चार पोती, बावीस घरं

ठोकेमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारे विज्ञान केंद्रात दोघंच होते : एक पगारपत्रक आणि दुसरा हजेरीपट. बाकी सगळ्यांसाठी ते ठोकेमास्तर. तळमजल्यावरच्या त्यांच्या कार्यशाळेतून सकाळी साडेदहापासून काहीतरी ठोकल्याचा आवाज येई आणि तो थांबला की वरच्या मजल्यावरच्या कारकुनांना कळे, जेवणाची सुट्टी झाली. घड्याळ बंद पडलेलं चालत असे, मास्तर बंद पडून चालत नसत.

एकतीस वर्षांत त्यांनी त्या केंद्रासाठी काय काय बनवलं नाही! धडधडणारं रबरी हृदय, देवमाशाचा जबडा, दोन वेळा खरोखरच पेटलेला ज्वालामुखी. प्रत्येक वस्तूखाली एक पितळी पाटी असे आणि पाटीवर ‘संकल्पना’ या शब्दापुढे त्या वेळच्या संचालकाचं नाव. संचालक बदलला की पाटी बदले, हृदय तेच राही. त्या हृदयाचे आतापर्यंत पाच बाप होऊन गेले होते आणि प्रत्येक वेळी नव्या बापाचे स्क्रू मास्तरांनीच पिळले होते.

त्यामुळे निवृत्तीला तीन महिने उरले असताना सध्याचे संचालक साहेब भर बैठकीत म्हणाले, “मास्तर, जाता जाता तुमचं स्वतःचं असं काहीतरी करून जा. पाटीवर नाव तुमचं,” तेव्हा मास्तरांना पहिल्यांदा वाटलं, साहेब दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. त्यांनी मागे वळूनही पाहिलं. मागे भिंत होती.

त्यांच्या डोक्यात ती गोष्ट वीस वर्षं तयार होती. आठ फूट बाय आठ फुटांचा बुद्धिबळाचा पट, जमिनीवर मांडलेला. चौसष्ट घरं, प्रत्येक घर एक फुटाचं. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. प्रत्येक घरावर पारदर्शक पत्र्याचा चौकोनी खांब, म्हणजे आतला तांदूळ किती चढला ते बाहेरून दिसावं. बस्स. ना मोटर, ना दिवा, ना बटण. बटण नसलेली वस्तू त्या केंद्रात तोवर झालीच नव्हती.

मदतीला त्यांनी गाईडताईला मागून घेतलं. ही मुलगी दालनांतून लोकांना फिरवून माहिती सांगायची. गणितात पदवी पहिल्या वर्गात, आणि नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि मग साहेबांची सही झाली तर पुन्हा अकरा महिने. असे चार करार तिनं काढले होते. “मास्तर, मी या केंद्रातली सगळ्यात जुनी नवीन माणूस आहे,” असं ती म्हणायची.

एक पोतं तांदूळ आला, पंचवीस किलोचा. दोघं पाटावर मांडी घालून बसली आणि मोजायला लागली.

पहिली ओळ संपली तेव्हा आठव्या घरात एकशे अठ्ठावीस दाणे पडले होते. मास्तरांनी आठही घरांतले दाणे मिळून तोलून पाहिले. काटा पाच ग्रॅमवर.

“ही एक ओळ,” ताई म्हणाली, “चिमणीनं खाल्ली तरी तिला भूक राहील.”

“थांब जरा. पुढे हेच चिमणीला खाणार आहे.”

दहाव्या घराला पाचशे बारा दाणे झाले. दहा घरांचे मिळून एक हजार तेवीस, वीस ग्रॅम. मूठसुद्धा भरली नाही. इथे ताई मोजता मोजता थांबली. तिनं पहिल्या घरांवरून बोट फिरवलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, “मास्तर, ही गंमत तुम्ही बघितली होती का? एक, दोन, चार. बेरीज सात. पुढचं घर आठ. आठ मिळवले की पंधरा. पुढचं घर सोळा. दर वेळी नवं घर मागच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा बरोबर एकानं जास्त!”

“म्हणजे?”

“म्हणजे नवं घर येतं ते मागचा अख्खा पट गिळतं आणि वर एक दाणा मागतं.”

मास्तर हसले नाहीत. वीस वर्षं ते ही गोष्ट डोक्यात घेऊन फिरत होते, पण इतक्या थोड्या शब्दांत ती त्यांना कधी सांगता आली नव्हती. “हे असंच लोकांना सांग,” ते म्हणाले. “एक शब्द बदलू नकोस.”

पुढे हातानं मोजणं शक्य नव्हतं. मास्तरांनी हजार-हजार दाणे पाच वेळा मोजून तोलले. दर वेळी वीस ग्रॅम, गुंजभर इकडेतिकडे. मग काट्यावर काम सुरू झालं. तरी मनाला लागू नये म्हणून त्यांनी एक चिठ्ठी डकवली : ‘अकराव्या घरापासून दाणे वजनावर घेतले आहेत. एखाददुसरा कमीजास्त असू शकेल.’ एवढा प्रामाणिकपणा केंद्रात याआधी फक्त आगीच्या बंबावर लिहिलेला आढळत असे : ‘रिकामा आहे.’

वीस घरं भरली. विसाव्या घरात साडेदहा किलो तांदूळ, अर्ध्या फुटाला थोडा कमी उंच. एकंदर एकवीस किलो गेला. पोत्यात चार किलो उरला आणि एकविसाव्या घराला एकट्यालाच एकवीस किलो लागत होता.

“झालं,” मास्तर म्हणाले आणि पोत्याचं तोंड बांधलं. “इथे थांबायचं. पुढची चव्वेचाळीस घरं रिकामी. पण त्यांच्यावर आकडे लिहायचे. माणूस इथे उभा राहील, भरलेली घरं बघेल, मग आकडे वाचत रिकाम्या घरांकडे जाईल. आणि शेवटच्या घरापाशी एकोणीस आकडी संख्या.”

“सगळ्याची बेरीज तर वीस आकडी,” ताई म्हणाली. “मी काढलीये. छत्तीस हजार नऊशे कोटी टन भरतो तांदूळ. जगातल्या सगळ्या शेतांनी सातशे वर्षं पिकवला आणि एकानंही खाल्ला नाही, तर तेवढा होईल.”

मास्तरांनी रिकाम्या घरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हातच्या वस्तूची थोडी भीती वाटली, आणि ती त्यांना फार आवडली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाला निदान पटवता येतं. साहेब उत्साही होते. त्यांनी पटाभोवती एक फेरी मारली आणि चेहरा पाडला.

“मास्तर, हे काय? दोन तृतीयांश पट रिकामा! उद्घाटनाला पाहुणे येणार. त्यांना काय दाखवू, फरशी?”

“साहेब, रिकामी घरं हाच विषय आहे.”

“रिकामं हा विषय नसतो, मास्तर. रिकामं ही तक्रार असते.” साहेबांनी खिशातून पेन काढलं. “किती तांदूळ गेला?”

“एक पोतं. थोडा उरलाय.”

“एका पोत्यात वीस घरं.” साहेबांनी तळहातावर आकडे मांडले. त्रैराशिकावर त्यांचा लहानपणापासून विश्वास होता. त्याच्याच जोरावर ते इथवर आले होते. “चौसष्ट घरांना किती? तीन पूर्णांक दोन दशांश. सांडलवंड धरून चार घ्या. एक आलंय, तीन आणखी मंजूर करतो. तुम्ही संकोच करता हेच चुकतं. मागत जा!”

“साहेब, ते तसं नाही होत. दर घराला दुप्पट होतं ना. दोन पोत्यांत एकविसावं घर भरेल, चार पोत्यांत बाविसावं. तेविसाव्याला आठ पोती, चोविसाव्याला सोळा. तिसाव्या घरापर्यंत जायला दोन मोठे ट्रक लागतील आणि चाळिसाव्यापर्यंत तसे हजार वेळा दोन.”

“ट्रक कुठून आला यात?”

“पंचविसाव्या घराचा खांब साडेचौदा फूट होतो. आपलं छत चौदा फुटांवर आहे.”

“मास्तर...”

“आणि चौसष्टाव्याचा खांब शनीच्या पलीकडे जातो, साहेब. हिशोब केलाय.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “हे बघा, हे विज्ञान केंद्र आहे. इथे शनीबिनी मध्ये आणायचा नाही,” ते दुखावल्या आवाजात म्हणाले आणि तीन पोत्यांच्या मागणीपत्रावर सही करून गेले.

“तुम्ही घेऊच नका ती पोती,” ताई म्हणाली.

“मंजूर झालेली वस्तू घेतली नाही तर खुलासा द्यावा लागतो.”

“आणि घेतली तर?”

“तर भरायची. खोटं काही करायचं नाही. दोन घरं पुढे जाऊ, साहेबांना डोळ्यांनी दिसेल.”

इथेच मास्तर चुकले. जे कानांनी ऐकू येत नाही ते डोळ्यांनी दिसेल, असा भाबडा विश्वास एकतीस वर्षं मॉडेलं बनवणाऱ्या माणसाचाच असू शकतो.

तीन पोती आली. एकविसाव्या घरात एकवीस किलो गेला, खांब फुटाला थोडा कमी. बाविसाव्या घरात बेचाळीस किलो, खांब पावणेदोन फुटांच्या वर. आणि झालं. चार पोती, बावीस घरं. उरलेला सोळा किलो मास्तरांनी तोलून, बांधून, चिठ्ठी लावून कोठीत परत केला. चिठ्ठीवर वजन ग्रॅमपर्यंत लिहिलं होतं.

साहेब पाहायला आले आणि त्यांनी भरलेली घरं बोटानं दोनदा मोजली. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत कुणी मास्तरांकडे असं पाहिलं नव्हतं. कारण अशा नजरेनं पाहायला समोर चोर लागतो.

“एका पोत्यात वीस घरं,” ते हळूच म्हणाले. “तीन पोत्यांत दोन?”

चौकशी समिती बसली. संध्याकाळी घरी मास्तरांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. तिनं अख्खी गोष्ट ऐकली आणि तांदळाचा डबा उघडून त्यांच्या नाकासमोर धरला. डब्यात तळाशी दोन मुठी.

“चोरायचाच होता, तर अहो, घरी तरी आणायचा. माझा डबा हा असा, आणि नाव मात्र चोराच्या बायकोचं!”

“थट्टा नको गं.”

“थट्टा नाही तर काय करू? एकतीस वर्षांत एक खिळा घरी नाही आणला तुम्ही. दाराची कडी तीन वर्षं तारेनं बांधलीये मी.” मग डबा बंद करून ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, “ती मुलगी आहे ना तुमच्याबरोबर? गणित शिकलेली? ती सांगेल त्यांना.”

“सांगेल,” मास्तर म्हणाले. “माझ्यापेक्षा बरं सांगते.”

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणून प्रशासनाचे उपसंचालक, सदस्य म्हणून बागेचे अधीक्षक, आणि तज्ज्ञ म्हणून किड्यांच्या दालनाचे प्रमुख, कारण विषय धान्याचा होता. बैठक गणिताच्या दालनातच झाली, पटाशेजारी तीन खुर्च्या टाकून. म्हणजे प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पायापासून दीड हातावर उभं होतं आणि त्यातल्या एकानं बाविसाव्या घराच्या खांबावर चहाचा कप ठेवला होता.

“तुमचं म्हणणं काय?” उपसंचालकांनी विचारलं.

“तोला, साहेब,” मास्तर म्हणाले. “सगळी घरं रिकामी करा आणि तोला. दुसरं माझं काही म्हणणं नाही.”

तोललं. त्याला सकाळचे तीन तास गेले. पटावरचा तांदूळ चौऱ्याऐंशी किलोला शंभर ग्रॅम कमी. कोठीतला सोळा किलो, शंभर ग्रॅम. चार पोती, शंभर किलो. एक दाणा हललेला नव्हता. बागेचे अधीक्षक भले गृहस्थ होते, ते मोठ्यानं म्हणाले, “वा! म्हणजे चोरी नाही!”

पण उपसंचालक वजनांचा कागद पुढे ओढून बारकाईनं वाचत होते. समिती बसवल्यावर काहीच निघालं नाही, तर समितीच का बसवली याची समिती बसते, हे त्यांना सेवेच्या अनुभवानं ठाऊक होतं.

“चोरी नाही,” ते म्हणाले. “पण मग हे वाटप बघा. या एकाच घरात बेचाळीस किलो?”

“हो, साहेब.”

“आणि ही पूर्ण पहिली ओळ? आठ घरं मिळून?”

“पाच ग्रॅम.”

“पाच ग्रॅम!” उपसंचालकांनी सदस्यांकडे पाहिलं. “म्हणजे एका घरात निम्मा माल कोंबायचा आणि बेचाळीस घरं कोरडी ठेवायची. साहेबांनी चौसष्ट घरांसाठी मंजूर केलेला तांदूळ हा. चौसष्ट घरांसाठी.”

“अहो, तेच तर आहे त्यात!” मास्तरांचा आवाज चढला. “शेवटच्या घरात नेहमी निम्म्याला किंचित जास्त असतोच. दुप्पट म्हटलं की तसंच होणार. पुढचं घर आलं की ते निम्मं घेणार, त्याच्या पुढचं आलं की ते. मी कोंबलेला नाही साहेब, तो नियमानंच तिथे जातो.”

“आमच्या किड्यांतही असंच होतं तसं,” तज्ज्ञ म्हणाले आणि उपसंचालकांनी पाहिल्यावर गप्प झाले.

मास्तर वळले. ताई भिंतीला टेकून उभी होती, हातात वजनांची वही. “ताई, तू सांग,” ते म्हणाले. “ते तुझं वाक्य सांग. मागचा अख्खा पट गिळतं ते. माझ्या तोंडून नीट येत नाही.”

ताई पुढे आली. तिच्या पाचव्या कराराचा कागद साहेबांच्या टेबलावर अकरा दिवस पडून होता, सहीवाचून. हे तिला माहीत होतं, उपसंचालकांना माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बागेच्या अधीक्षकांना, आणि त्यांनी अगदी मायेनं विचारलं, “सांग की, बाळ. तू तर गणित शिकलीयेस ना?”

“मला...” ताई म्हणाली. वही तिनं छातीशी धरली. “मला मास्तरांनी जसं सांगितलं तसं मी भरलं, साहेब. त्यामागचा हिशोब त्यांचा. मला त्यातलं काही सांगता येणार नाही.”

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. रागानं पाहावं असा त्यांचा बेत होता, पण राग आलाच नाही. तिचा अंगठा वहीच्या कडेवरून मागेपुढे फिरत होता आणि त्या हातानं दहाव्या घरातले पाचशे बारा दाणे एकेक करून वेचले होते. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला कुठेतरी टाकता येतं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “हिशोब माझा.”

अहवाल दोन पानी झाला. चोरी आढळली नाही. मात्र ‘उपलब्ध साहित्याचं असमान व मनमानी वाटप’ आढळलं. निवृत्ती जवळ असल्यानं कारवाई नको, समज पुरे. शिफारस एकच : शंभर किलो तांदूळ चौसष्ट घरांत सारखा वाटावा. दर घरी दीड किलोच्या वर येतो. खांब काढून सुबक काचेचे वाडगे ठेवावेत.

साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. ते खरंच खूष होते. “बघा मास्तर, शेवटी पुरला की नाही तांदूळ? मी म्हणत होतो! नियोजन पाहिजे. आता तुमच्याच हातानं वाडगे मांडून टाका.”

“हे माझ्या हातून व्हायचं नाही, साहेब.”

“का?”

“सगळी घरं सारखी. मग दुप्पट कुठाय?”

“पाटीवर आहे की,” साहेब म्हणाले. “ ‘प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे.’ ती तशीच ठेवलीये. तुमचा नियम आम्ही बदललेला नाही.”

मास्तरांना खूप बोलायचं होतं. पण आठवड्यावर निवृत्ती आली होती आणि समोरचा माणूस इतक्या प्रेमानं पाहत होता, की त्याला समजावणं म्हणजे पाण्यात काठी मारणं. ते एवढंच म्हणाले, “मग एक करा. पाटीवरून माझं नाव काढा.”

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. “असं रुसू नका हो. नाव हा तुमचा सन्मान आहे. मी शब्द दिलाय, आणि मी शब्द मोडत नाही. आणि पितळेवर कोरून झालंय!”

वाडगे दुसऱ्या कुणी मांडले. अर्ध्या दिवसात काम झालं. उद्घाटन झालं, पाहुण्यांनी पट फार देखणा असल्याचं सांगितलं. मास्तर आजारी असल्याचा अर्ज देऊन घरी दाराची कडी बसवत होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी शर्टाच्या खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर टाकला.

“कुठे निघालात?” बायकोनं विचारलं.

“नाव आणायला.”

तिनं खिशाकडे पाहिलं. “चारच स्क्रू ना? जेवायला या,” ती म्हणाली.

मास्तरांनी खिडकीवर रांगेत उभं राहून तिकीट काढलं. खिडकीतला माणूस नवा होता. वरच्या मजल्यावर गणिताच्या दालनात दहा-बाराजणांचा घोळका पटाभोवती उभा होता. चौसष्ट घरं, चौसष्ट वाडगे, चौसष्ट सारखे ढीग. एखाद्या वसतिगृहाच्या भोजनगृहात मांडामांड करून मुलं यायची राहिली असावीत, तसा देखावा. दाराजवळ पितळी पाटी. मास्तरांनी ती लांबूनच वाचली. नियम, खाली ‘संकल्पना व निर्मिती’, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एकतीस वर्षं आपण हे नाव पितळेवर कसं दिसेल याचा विचार करत होतो हे त्यांना आठवलं. छान दिसत होतं. अक्षर सुरेख पडलं होतं.

ताई बोलत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती. गळ्यातलं ओळखपत्र नवं कोरं होतं, म्हणजे सही झाली होती. मास्तर पाटीपाशी उभे राहिले. खिशात हात घातला. चार स्क्रू, दोन मिनिटांचं काम. घोळक्याची तोंडं पलीकडे होती.

पाटीच्या खाली एक छापील कागद चिकटवलेला होता. पूर्वी तो नव्हता. ‘या दालनातील कोणतीही वस्तू गहाळ झाल्यास किंवा तिची हानी झाल्यास जबाबदारी दालनाच्या गाईडची राहील.’ खाली ताईचं नाव, पेनानं लिहिलेलं.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. हात खिशातच राहिला.

“पहिल्या घरात एक दाणा,” ताई सांगत होती, “दुसऱ्यात दोन, मग चार, मग आठ. प्रत्येक घर आधीच्याच्या दुप्पट. असं करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलं, की सगळ्या जगाला सातशे वर्षं पुरेल एवढा तांदूळ होतो.”

घोळक्यातली एक बाई वाडग्यांवरून नजर फिरवत होती. पहिला वाडगा, शेवटचा वाडगा, पुन्हा पहिला. “पण अहो, हे तर सगळे सारखेच दिसताहेत.”

“नीट बघा,” ताई म्हणाली. “वाढत जातात.”

असं उत्तर देण्याची तिला सवय झाली असावी. आवाज कुठेही अडला नाही. लोक वाकले. डोळे बारीक केले. एक गृहस्थ म्हणाले, “हो हो, हा शेवटचा जरासा मोठा वाटतोय खरा.” आणखी दोघांना तसं वाटलं. बाईला मात्र वाटेना. ती वळून आधारासाठी कुणी मिळतंय का पाहू लागली आणि तिला दाराशी उभा असलेला, पांढऱ्या केसांचा, सभ्य दिसणारा माणूस दिसला.

“काका, तुम्ही सांगा. तुम्हाला दिसतंय का काही वाढलेलं?”

ताई वळली.

दोघांची नजरानजर झाली. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून खिशातल्या हाताकडे गेली, हाताकडून पाटीकडे, आणि पाटीखालच्या कागदावर येऊन थांबली. सगळा घोळका मास्तरांच्या उत्तराची वाट पाहत होता. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. हात रिकामा होता.

“दिसतंय की,” मास्तर म्हणाले. “चांगलं दुपटीनं वाढलंय.”

“तुमचे डोळे चांगले आहेत हो काका,” ती बाई म्हणाली आणि घोळका पुढच्या दालनाकडे निघाला. ताईला त्यांच्या पुढे जावं लागलं. गाईड मागे राहिलेली चालत नाही. मास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. शेवटच्या घरातला वाडगा जरा तिरका बसला होता. सवयीनं वाकून त्यांनी तो सरळ केला आणि जिन्याकडे वळले.